निमंत्रणात आधी काय

आमच्या पहिल्या वेबिनारचे उद्घाटन नारळ फोडून झाले. मॉनिटरला झेंडूचा हार घातला होता. हाराची एक माळ पडद्यावर लोंबत होती आणि तिच्यामागे उपस्थितांच्या नावांची चौकट अर्धी झाकली गेली होती. पुण्यात आपल्या घरी संगणकासमोर बसलेले वक्ते स्पीकरमधून विचारत होते, "आवाज येतोय का सगळ्यांना?"

सगळ्यांना म्हणजे तिघांना. हार बाजूला सरकवल्यावर ते दिसले. एक नाव आमच्याच कार्यालयाच्या दुसऱ्या संगणकाचे होते, एक इचलकरंजीच्या एका सभासदाचे आणि तिसरे अध्यक्षांच्या मुलाचे. तो हजर होता पण उत्तर देत नव्हता.

"थोडं थांबू या," वक्ते म्हणाले. "लोक येत असतील."

त्या वेळी जिन्यावर खरोखरच पावले वाजली.

दोन हजारनंतरच्या दशकाची ती अखेर होती. कोल्हापुरात ब्रॉडबँड आले होते, पण वेबिनार हा शब्द अजून कुणाच्या तोंडी बसला नव्हता. धातूचे ओतकाम करणाऱ्या लहान फौंड्रीवाल्यांच्या एका संघटनेचे कार्यालय शाहूपुरीत, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होते. मी वृत्तपत्रातले उपसंपादकाचे काम सोडून त्या संघटनेचे मासिक पत्रक काढत असे. संघटनेला एक प्रशिक्षण विभागही होता. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि धातुशास्त्राची पदविका घेतलेली एक तरुणी. सगळे तिला मॅडम म्हणत, तेव्हा इथेही तेच म्हणतो.

वेबिनारची कल्पना मॅडमची. पुण्याचे तज्ज्ञ इथे यायचे तर त्यांचा पूर्ण दिवस जातो, आणि कागलचा किंवा शिरोलीचा कारखानदार भट्टी सोडून दुपारभर सभागृहात बसत नाही. तेव्हा दोघांनीही आपापल्या जागेवरून बोलावे. कार्यकारिणीने मान डोलावली, पण अट घातली. दोन वेळा करून बघा. दोन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर हा विभाग बंद. खुर्च्या हा शब्द अध्यक्षांचाच. विभाग बंद झाला तर मॅडमना पुण्यात नोकरी शोधावी लागणार होती. घर कळंब्याला, घरात आई एकटी. हे त्यांनी कार्यकारिणीला सांगितले नव्हते. मला माहीत होते.

जिन्यावरून आलेले सहाजण होते. सगळे सभासद, सगळ्यांच्या हातात निमंत्रणाचा छापलेला कागद. पुढे होते ते कागलजवळ लहान फौंड्री चालवणारे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशात मापे घ्यायचे व्हर्निअर.

"हॉल कुठला?" त्यांनी विचारले.

मॅडमनी हलक्या आवाजात सांगितले की हॉल नाही, हे संगणकावर आहे, आपापल्या कारखान्यातून बघायचे.

"मग हितला पत्ता कशाला घातलाय?"

"लेटरहेडवर असतोच की तो."

"अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन हाय म्हणून लिवलंय. हस्ते म्हंजे हात लागतो की न्हाय? हात हितंच लागणार."

मागून कुणीतरी म्हणाले, "पावणं, नारळ तर फुटलाय. प्रसाद तरी द्या."

सगळे हसले. स्पीकर चालू होता. पुण्याच्या वक्त्यांनी हे सारे ऐकले. खुर्च्या आणल्या, सहाजण त्या एका पडद्याभोवती बसले, मागच्यांना काही दिसेना. वक्त्यांनी व्याख्यान दिले, आपण किती जणांशी बोलतो आहोत हे त्यांनी पुन्हा विचारले नाही. शेवटी "धन्यवाद, छान अनुभव होता" असे म्हणाले. हे सौजन्य ऐकताना मॅडम खाली बघत होत्या. अध्यक्ष मात्र खूश होते. त्यांच्या हिशेबी सहा खुर्च्या भरल्या होत्या. कार्यकारिणीतल्या दुसऱ्या एकाने बाहेर पडताना सांगितले, "मॅडम, एक झाला. आता एकच राहिला."

सगळे गेल्यावर आम्ही ते निमंत्रण टेबलावर ठेवले. मजकूर माझा होता, मांडणी डीटीपीवाल्याची, आणि नमुना कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. कोल्हापुरात कुठल्याही समारंभाची पत्रिका जशी असते तशीच ती होती. सर्वांत वर संघटनेचे नाव आणि पत्ता. मग सस्नेह निमंत्रण. मग कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत. कार्यकारिणीची नावे मानाप्रमाणे. त्याखाली विषय: हरितवाळू साचा प्रक्रियेतील दोष व गुणवत्ता व्यवस्थापन. त्याखाली वार आणि वेळ, दुपारी चार. "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." मग सह्या. आणि सह्यांच्याही खाली, बारीक अक्षरात, नोंदणीसाठी इंग्रजीतला एक लांबलचक पत्ता.

तो पत्ता दाबला तरी उघडत नव्हता. डीटीपीच्या फाँटमधले मराठी ईमेलमध्ये टाकले की त्याचे चौकोन आणि प्रश्नचिन्हे होत, म्हणून पत्रिकेचे चित्र करून ते मेलला जोडायची पद्धत होती. चित्रातली लिंक म्हणजे लिंकचे चित्र. ज्याला नोंदणी करायची त्याने तो पत्ता अक्षर अक्षर पाहून टाइप करायचा. इचलकरंजीच्या एका माणसाने ते केले होते.

आणखी एक गोष्ट मॅडमनी दाखवली. नोंदणी केली की त्या प्रणालीतून आपोआप एक पोचमेल जातो, त्यात त्या माणसासाठी वेगळी लिंक असते आणि कार्यक्रमाची वेळ असते. ती वेळ अमेरिकेची होती. कुणीही ती बदललेली नव्हती. इचलकरंजीचा तो सभासद केवळ जिद्दीवर आला होता.

"बातमीत तुम्ही असं लिहिलं असतं का?" मॅडमनी विचारले.

नसते लिहिले. बातमीत पहिल्या वाक्यात काय, कुठे, कधी हे सांगितले जाते, आणि शुभहस्ते शेवटच्या परिच्छेदात जाते, जागा कमी पडली तर तिथून कापले जाते. हा धडा मी कितीतरी नवख्यांना दिला होता. पण निमंत्रण समोर आल्यावर हात पत्रिकेच्या वळणाने गेला. त्या दुपारच्या लाजेचा एक भाग हा होता.

दुसऱ्या वेबिनारचा विषय ठरला होता. ओतीव भागातली पोकळी, ज्याला सगळे ब्लोहोल म्हणतात. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले किंवा वायूला बाहेर पडायला वाट राहिली नाही की धातूत बुडबुडा अडकतो. बाहेरून भाग चांगला दिसतो. गिऱ्हाइकाकडे मशीनवर घासला की भोक उघडे पडते आणि सगळा माल परत येतो.

मी नव्या निमंत्रणाचा पहिला मसुदा बातमीसारखा केला. 'येत्या शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता इंटरनेटद्वारे ब्लोहोल या विषयावर...' मॅडमनी तो वाचला आणि कागलच्या त्या गृहस्थांना फोन लावला. स्पीकर चालू केला. त्या वाचू लागल्या.

"येत्या शुक्रवारी सकाळी साडेअकरा..."

"थांबा, थांबा. शुक्रवारी काय हाय?"

"ऐका की. ब्लोहोलवर वेबिनार."

"मग ते आदी सांगा की. शुक्रवार मला ठावं हाय." थोडा वेळ भट्टीचा आवाज ऐकू आला. "ब्लोहोलवर म्हंजे काय शिकवणार? पुस्तकातलं?"

"वाळूतला ओलावा तुमच्याच कारखान्यात कसा तपासायचा, साच्याला वाट कुठं ठेवायची. आणि तुमच्या परत आलेल्या भागाचा फोटो आधी पाठवला तर त्यावर सर बोलणार."

"माझ्या भागावर?"

"तुमच्या भागावर."

"हां. मग शुक्रवारी किती वाजता म्हणालासा?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. त्यांच्या हातात पेन्सिल होती. त्यांनी माझे पहिले वाक्य कापून तिसऱ्या जागी नेले.

हे समजायला मला वेळ लागला. बातमी वाचणाऱ्याला कुठे जायचे नसते. काय घडले ते त्याला कळले की काम झाले, वेळ आणि ठिकाण त्या घडण्याचाच भाग. निमंत्रण वाचणाऱ्याला काहीतरी सोडून यायचे असते. जोवर विषय आपला आहे आणि त्यातून आपल्याला काही मिळणार आहे असे त्याला वाटत नाही, तोवर तो घड्याळाकडे बघत नाही. आणि वेळ जमते हे पाहिल्याशिवाय नोंदणीच्या पायऱ्या वाचत नाही. कारण पायऱ्या म्हणजे काम, आणि न ठरलेल्या गोष्टीसाठी काम कुणी करत नाही.

तेव्हा क्रम असा झाला. मेलच्या विषयाच्या ओळीत: 'ब्लोहोलमुळे माल परत येतो? पुण्याच्या तज्ज्ञांना विचारा.' आत पहिल्यांदा तेच दोन वाक्यांत. मग काय मिळणार: ओलाव्याची तपासणी, साच्यातल्या वाटा, पाठवलेल्या फोटोवर सल्ला, सभासदांना मोफत. मग शुक्रवार, तारीख, सकाळी साडेअकरा ते साडेबारा, भारतीय वेळ. त्याच ओळीला जोडून: 'तुमच्या कारखान्यातल्या किंवा घरच्या संगणकावर. कार्यालयात यायचे नाही.' वेळ चारची साडेअकरा केली, कारण चारला बहुतेकांचे ओतकाम चालू असते. हेही आधी कुणी विचारले नव्हते. पोचमेलमधली वेळही मॅडमनी भारतीय केली. मग पायऱ्या. एक, खालची लिंक दाबा. दोन, नाव आणि ईमेल लिहा. तीन, तुम्हाला एक मेल येईल, त्यात तुमची स्वतःची लिंक असेल, तो मेल पुसू नका. चार, शुक्रवारी दहा मिनिटे आधी ती लिंक दाबा आणि स्पीकर चालू ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये, म्हणजे लिंक खरोखर लिंक राहील. नावे सर्वांत खाली, एका ओळीत: कार्यकारिणी, आणि संघटनेचे नाव.

अध्यक्षांनी कागद हातात घेतला आणि वरून खाली दोनदा वाचला. ते जुने फौंड्रीवाले, वडिलांच्या हाताखाली वाळू चाळून वर आलेले. आवाज मोठा, मन उघडे. त्यांना सगळे आण्णा म्हणत.

"माझं नाव कुठाय?"

"आण्णा, कार्यकारिणीत आहे की," मॅडम म्हणाल्या.

"कार्यकारिणी म्हंजे मी न्हवं. पत्रिकेत अध्यक्षाचं नाव न्हाय, म्हंजे लोकांस्नी वाटंल मी मेलो, न्हायतर मला काढला."

"लोक नाव वाचून येत नाहीत, आण्णा. मागच्या वेळी बघितलं ना."

"मागच्या वेळी सहा मानसं आली. माझ्या नावावर आली."

ते खरे होते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण होते. मी मध्ये पडलो. म्हणालो, नाव घालू, पण जिथे ते कामाला येईल तिथे. 'काय मिळणार' याच्या शेवटी एक वाक्य: 'अध्यक्ष स्वतः प्रश्न विचारणार आहेत.' आण्णांना ते आवडले. मॅडमना तितकेसे नाही, पण त्यांनी ते राहू दिले. त्या वाक्यामुळे आण्णा शुक्रवारी कार्यालयात येणार हे ठरून गेले. तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही.

मेल गेला. पहिल्या दिवशी नोंदणी तुरळक आली, दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मॅडमनी पुन्हा कागलला फोन लावला. तुमची नोंदणी दिसत नाही, लिंक उघडत नाही का?

"उघडली की ताई. नाव लिवायचं आलं, तितं थांबलो."

"का हो?"

पलीकडचा आवाज खाली आला. "नाव घातलं म्हंजे सगळ्यांस्नी कळणार की माझ्याकडं ब्लोहोल हाय. माझं गिऱ्हाईक बी तितलंच, शेजारी बी तितलेच. मागच्या बारीला मी हॉलवर आलतो ते कोण कोण आलंय ते बघायलाच. खोटं कशाला बोलू."

फौंड्रीत दोष सगळ्यांकडे असतो आणि कुणीच तो कबूल करत नाही. परत आलेला माल अंधार पडायच्या सुमारास आत घेतात, वितळवतात आणि सकाळी गप्प. आम्ही विषय नेमका केला होता, तुमच्या भागावर बोलू असे लिहिले होते, आणि त्यामुळे तो माणूस नावाच्या रकान्यापाशी थांबला होता. जितके नेमके लिहावे तितकी लाज जवळ येत होती.

"पण कुणालाच दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "आलेल्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत. फक्त आयोजकाला दिसतात."

"ते लिवलंय कुठं?"

कुठेच लिहिले नव्हते. त्या दिवशी आम्ही ती ओळ लिहिली. कुठे घालायची यावर बोलणे झाले. वर, विषयाजवळ घातली तर वाचणाऱ्याला वाटेल की इथे काहीतरी लपवायचे आहे. अगदी खाली घातली तर तिथवर तो पोहोचतच नाही. ती दुसऱ्या पायरीला जोडली, जिथे हात थांबतो तिथेच. 'नाव आणि ईमेल लिहा. तुमचे नाव आणि प्रश्न इतरांना दिसणार नाहीत.' ओळ मी लिहिली, आणि ती बरोबर जागी बसली याचे मला समाधान वाटले. दुरुस्त मेल पुन्हा गेला. संध्याकाळपासून नोंदणी येऊ लागली. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीतले ते 'आता एकच राहिला' म्हणणारे गृहस्थ स्वतः विचारायला आले. मॅडमनी संगणकावरची यादी बंद केली आणि फक्त आकडा सांगितला. ते शिट्टी वाजवत जिना उतरले.

शुक्रवारी हार नव्हता, नारळ नव्हता. आण्णा वेळेच्या आधी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मॅडमच्या मागे खुर्ची ओढून बसले. उजवीकडच्या चौकटीत नावे गावासकट एकामागून एक उमटू लागली. जयसिंगपूर, शिरोली, इचलकरंजी, कागल. वक्ते बोलू लागले. या वेळी त्यांनी आवाजाचे विचारले तेव्हा हात वर केल्याच्या खुणा चौकटभर उठल्या आणि ते हसले. मला मॅडमची पाठ दिसत होती. खांदे सैल झाले होते.

अर्ध्या तासाने प्रश्न सुरू झाले. पद्धत ठरलेली. प्रश्न लेखी येतो, तो फक्त आयोजकाच्या पडद्यावर दिसतो, नावासकट. मॅडम आपला माइक चालू करतात, नाव न घेता प्रश्न वाचतात, फोटो असेल तर तो सर्वांना दाखवतात, वक्ते उत्तर देतात. दोन प्रश्न असे झाले. तिसऱ्यासाठी त्यांनी माइक चालू केला आणि फोटो उघडला. पंपाचे एक कव्हर होते, घासलेल्या बाजूवर टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची ओळ.

मागून आण्णा पुढे वाकले. त्यांनी नाव वाचले. कागलच्या त्या गृहस्थांचे. आण्णांनी ते मोठ्याने उच्चारले, गावासकट, आणि म्हणाले, "आयला, ह्याच्याकडं बी? हा तर मला सांगत हुता, आमच्याकडं एक पीस परत येत न्हाय म्हणून!"

त्यात वाईट हेतू नव्हता. ते हसत होते, जसे चावडीवर हसतात तसे. आणि माइक चालू होता.

मॅडमनी माइक बंद केला. तेव्हा उशीर झाला होता. पडद्यावर चौकटीतले कागलचे नाव करडे झाले, मग नाहीसे झाले. ते निघून गेले होते.

"काय झालं?" आण्णा म्हणाले. मग त्यांना कळले. त्यांनी पडद्याकडे बघितले, मॅडमकडे बघितले. "ऐकू गेलं?"

"सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. "आण्णा, तुम्ही उठा. बाहेर बसा."

तो स्वर कुणी आण्णांशी वापरत नसे. विभाग ठेवायचा की नाही हे ज्यांच्या हातात होते, त्यांना त्या खुर्चीवरून उठवत होत्या. आण्णा उठले. खुर्ची उचलूनच बाहेर नेली, परत आत येऊ नये म्हणून की काय.

पुण्याहून वक्ते म्हणाले, "मॅडम, पुढचा प्रश्न?" अनुभवी माणूस होते. मॅडमनी माइक चालू केला आणि पुढचा प्रश्न वाचण्याआधी म्हणाल्या, "एक सांगायचं आहे. निमंत्रणात आम्ही लिहिलं होतं की नाव इतरांना दिसणार नाही. आमच्या खोलीत ते दिसलं आणि ऐकूही गेलं. चूक आमची आहे. यापुढे या पडद्यासमोर मी एकटीच असेन. ज्यांना प्रश्न मागे घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा."

मी त्या खोलीतच होतो. त्या वाक्यानंतर माझ्याकडे न बघताच त्यांनी हाताने दार दाखवले. मीही बाहेर गेलो.

बाहेर आण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. आतून अस्पष्ट आवाज येत होता. न वळताच ते म्हणाले, "माझ्याबी कव्हराला तेच हाय. तीच भोकं. मी विचारणार हुतो."

काहींनी प्रश्न मागे घेतले. बहुतेक थांबले. कार्यकारिणीच्या बैठकीत उपस्थितीचा आकडा वाचला गेला आणि विभाग पुढे चालू ठेवायचे ठरले. मॅडमना पुण्याला जावे लागले नाही. अभिनंदनाचा ठराव मांडायला कुणीतरी उठले तेव्हा मॅडम म्हणाल्या, नको. आण्णांनीही हात करून त्याला बसवले.

त्यानंतरच्या रविवारी मॅडम आणि मी कागलला गेलो. आण्णांनाही यायचे होते. मॅडमनी नको सांगितले, तुमची गाडी दारात उभी राहिली की गावाला पुन्हा कळेल. फौंड्री हमरस्त्यापासून आत, उसाच्या कडेला. शेडमध्ये वाळूचा ढीग, त्याच्या शेजारी एका बाजूला पोत्यांनी झाकलेले काहीतरी. त्या गृहस्थांनी आम्हाला कॉटवर बसवले, चहा सांगितला.

मॅडमनी सरळ माफी मागितली. कारण सांगितले नाही, आण्णांचे नाव घेतले नाही.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "त्याच दिवशी चार वाजता गिऱ्हाइकाचा फोन आला. म्हणाला, तुमच्याकडं प्रॉब्लेम हाय म्हणं. दुसरीकडनं माल घेतो सध्या." चहाचे कप त्यांनी आमच्याकडे सरकवले. "सध्या म्हणाला. बघू."

"मी त्यांच्याशी बोलू का?"

"नगा. तुम्ही बोलला तर खरंच वाटंल त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्रकार साहेब, तुमचं ते पत्र मात्र झ्याक हुतं. वाचलं आणि कळलं, हे माझ्यासाठी हाय. दुसऱ्या पायरीवरची ती ओळ नसती तर मी आलोच नसतो."

त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच आम्हा दोघांना कप हातात धरवेना. मॅडमनी पोत्याकडे बोट करून विचारले, तो भाग बघू का. त्यांनी पोते उचलले. मॅडमनी कव्हर उचलून प्रकाशात धरले, भोकांची ओळ बघितली आणि मग वाळूच्या ढिगातली मूठभर वाळू घेऊन दाबली. मूठ उघडल्यावर गोळा ओला, चिकट राहिला. पाणी जास्त आहे, त्या म्हणाल्या, आणि साच्याला या कोपऱ्यात वाट नाही. बराच वेळ त्या दोघांचे साच्यापाशी बसून बोलणे चालले. मी शेडच्या दारात उभा होतो.

तिसऱ्या वेबिनारच्या निमंत्रणाचा क्रम तोच ठेवला. विषय, मिळणार काय, वेळ, पायऱ्या. दुसऱ्या पायरीवरची ओळ मॅडमनी बदलली: 'तुमचे नाव संघटनेच्या एका कर्मचाऱ्याला दिसेल. प्रश्न निनावी पाठवायचा असेल तर फोन करा.' मी म्हणालो, ओळ लांब झाली, आणि लोक आता आधीइतके येणार नाहीत. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

नोंदणी कमी आली. कार्यकारिणीत त्यावर कुणी बोलले नाही. मॅडमच्या टेबलावरचा फोन मात्र त्या आठवड्यात अधूनमधून वाजत राहिला, आणि तो वाजला की मी उठून बाहेर जात असे.